पाच दिवसांची मुदत
समजा, भरवेलीत खाणीच्या वाटेवर नवा दवाखाना उघडलाय. पाटीवर लिहिलंय, 'तपासणी 200 रुपये, पाच दिवसांत फेरतपासणी मोफत.' डॉक्टर गोळ्या मात्र सात दिवसांच्या देतात आणि 'संपल्या की या' म्हणतात. आठव्या दिवशी पुन्हा 200! खाली बारीक अक्षरांत 'गरिबांना सवलत'. ती मागायची कंपाउंडरकडे, भरल्या बाकांसमोर, मोठ्यानं. मँगनीज खणणारा गडी त्यापेक्षा उसने काढतो आणि सवलतीची वही कोरीच राहते. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे यांनी पहिल्या भेटीचे दोन रुपये घेतले, फेरतपासणीचा एक. त्या दरात सवलत मागायची तरी कशावर? डॉक्टरसाहेब, दर तुमचाच राहू द्या. मोफतीची मुदत तेवढी गोळ्यांपेक्षा दोन दिवस जास्त ठेवा.