मोदक की मोमो?

गणेश चतुर्थीला वहिनींनी उकडीच्या मोदकांचा फोटो फेसबुकवर टाकला. आरती संपायच्या आत एका अनोळखी सद्गृहस्थांचा अभिप्राय हजर! प्रोफाइलला गुलाबाचं फूल. ‘हे मोदक आहेत की मोमो? आजकालच्या बायकांना स्वयंपाक येत नाही, फोटो मात्र काढता येतात.’

घरात तातडीने युद्धमंडळ बसलं. दादाने स्त्रीमुक्तीवर चार परिच्छेद टाइप केले. भाच्याने गुलाबरावांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शोधल्या. मावशी तर थेट त्यांच्या मातोश्रींच्या स्वयंपाकघरात शिरणार होत्या. यातला एकेक शब्द म्हणजे गुलाबरावांना नैवेद्यच. शिवाय फेसबुकचा हिशेब असा, की ज्या कॉमेंटखाली उत्तरांची रांग लागते ती वर चढते. म्हणजे अख्खं खानदान तुटून पडलं असतं, तर फूल शिखरावर आणि शेजारच्या काकूंचं ‘छान गं!’ तळाला.

वहिनींनी हात पुसले आणि एकच उत्तर लिहिलं: ‘काका, बरोबर ओळखलंत. उकड नीट मळली गेली नाही, सातव्या कळीला पारी फाटली आणि मोदक सिक्कीमच्या वाटेला लागला. बाप्पाने अर्ध्या रस्त्यात गाठून खाल्ला.’

यातली कारागिरी बघा. टोमण्यातला मोदकाचा भाग त्यांनी नुसता मान्य केला नाही, पार सिक्कीमपर्यंत ताणला. जो आरोप आपण होऊनच वाढवून घेतला, तो पुन्हा फेकायचा कसा? ‘बायकांना’ हे खरं आमिष होतं, त्याला हातही लावला नाही. आणि विनोद पडला तो मोदकावर. गुलाबरावांच्या टकलावर पडला असता तर ते टक्कल वाचवायला रात्रभर जागले असते. माझी कसोटी सोपी आहे: त्यांच्या मुलीने वाचलं तर तिलाही हसू यायला हवं.

गुलाबराव परतले. ‘जास्त शहाणपणा नको.’ भल्याभल्यांचा तोल जातो तो इथे. पहिल्या उत्तराला टाळ्या पडलेल्या असतात, म्हणून दुसरं लिहिलं जातं. तिसऱ्यापर्यंत विनोद संपून वकिली सुरू होते. वहिनी भांडी घासायला गेल्या.

अर्थात, मोदकाऐवजी धमकी, शरीरावरची घाणेरडी शेरेबाजी किंवा घरचा पत्ता आला असता, तर विनोदाचं तिथे काही काम नव्हतं. तारीख आणि लिंकसकट स्क्रीनशॉट काढायचा, मगच ब्लॉक, आणि cybercrime.gov.in वर तक्रार.

गुलाबराव त्या दर्जाचे नव्हते. संध्याकाळी वहिनींनी त्यांची कॉमेंट नुसती ‘हाइड’ केली. या सोयीची गंमत अशी, की ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रयादीला दिसतच राहते, बाकी जगाला नाही. गुलाबरावांना पत्ताच नाही. अजून अधूनमधून येऊन ते मोदकाचा निकाल लावतात, आणि त्यांचे मेहुणे इमानाने लाइक देतात.