चहा, कॉफी आणि टोमॅटोचा भाव

जुन्नर तालुक्यात चहाचा मळा नाही आणि आंबेगाव तालुक्यात कोणी कॉफीची बाग लावलेली ऐकिवात नाही. एक जिन्नस आसामाकडून येतो, दुसरा चिकमगळूर-कूर्गाकडून. सातवाहनांच्या काळी नाणेघाटाने जो माल चढला-उतरला त्यात या दोहोंपैकी एकही असण्याचा संभव नाही. असे असूनही नारायणगावच्या एष्टी स्थानकाजवळील एका हॉटेलाच्या बाकावर, या दोन उपऱ्या पेयांपैकी श्रेष्ठ कोणते याविषयी सकाळी सात ते साडेआठ या वेळात जे घनघोर युद्ध प्रत्यही जुंपते, ते पाहणाऱ्या परस्थास असे वाटावे की, दोन्ही पक्षांच्या वडिलोपार्जित जमिनी या वादात गहाण पडल्या असून निकाल विरुद्ध गेल्यास संध्याकाळपर्यंत जप्ती येणार आहे.

चहापक्षाचे धुरीण एक निवृत्त हेडमास्तर असून ते मूळचे जुन्नरचे आहेत. कॉफीपक्षाचे नेतृत्व मंचरकडील एका खत-औषधाच्या दुकानदाराकडे आहे. त्यांस सर्वजण शेठ म्हणतात, आणि उधारीची वही उघडी असेपर्यंत ते तसे म्हणवूनही घेतात. मास्तरांच्या मते कॉफी हे पेय नसून दुखणे आहे, आणि ज्या घरात पाहुण्यास कॉफी विचारली जाते त्या घरात पाहुण्याने लौकर उठावे अशीच यजमानाची इच्छा असते. शेठांचे म्हणणे असे की, जी वस्तू पहाटेपासून एकाच पातेल्यात उकळते आहे आणि जीत दर अर्ध्या तासाने पाणी व भुकटी यांची नुसती भर पडते, तीस चहा न म्हणता काढा म्हणावे आणि ती हॉटेलात न विकता दवाखान्यात विकावी.

या आरोपांत तथ्य नाही असे मात्र नव्हे. चहाची भुकटी फार वेळ उकळली म्हणजे तिच्यातील तुरटपणा बाहेर पडतो, जीभ आखडते आणि ते झाकण्यासाठी साखर वाढवावी लागते. आपल्याकडे ज्यास कौतुकाने ‘कडक’ म्हणतात ते पुष्कळदा या दुर्लक्षाचेच फळ असते. कॉफीकडे पाहावे तर तिची अवस्था याहून चमत्कारिक आहे. मराठी माणसाने कॉफी स्वीकारली ती जायफळासकट. कॉफी झोप उडविते याविषयी कोणाचा वाद नाही आणि जायफळ झोप आणते असे आपल्या आजीबाईंचे मत आहे; म्हणजे जे पेय आपल्या कपात आपलाच विरोधी पक्ष बाळगून असते त्याने दुसऱ्याच्या अंतर्गत कारभाराकडे बोट दाखवावे, हे मास्तरांस सहन होत नाही. जायफळ चिमूटभरच हवे आणि तेही विस्तवावरून उतरताना. अधिक पडले तर कॉफीपक्षाचे सभासद चर्चेच्या मध्यावरच जांभया देऊ लागतात, आणि त्या जांभया चहापक्ष आपल्या बाजूच्या मतांत मोजतो. एकदा कोणी वर्तमानपत्रात वाचून सांगितले की, वजनास वजन घेतले तर चहाच्या सुक्या पत्तीत कॉफीच्या बियांपेक्षा उत्तेजक द्रव्य अधिक असते, परंतु पत्ती थोडी लागत असल्याने कपात मात्र ते कॉफीतच अधिक उतरते. या एकाच माहितीवर दोन्ही पक्षांनी त्या दिवशी आपापला विजय जाहीर केला.

चहापक्षातही एकोपा नाही. गुळाचा गट आणि साखरेचा गट असे त्याचे उघड दोन तट आहेत, आणि महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकास पक्ष फुटण्याची प्रक्रिया समजावून सांगण्याचे कारण नाही. दोन साखर कारखान्यांच्या प्रदेशात गुळाचा आग्रह धरणे हे एक प्रकारचे बंडच होय. साखरगटाचा मुख्य आक्षेप असा की गुळाने दूध नासते. आक्षेप खरा आहे, परंतु दोष गुळाचा कमी आणि घाईचा अधिक. गूळ थोडाफार आंबट असतो, जुना झाला की अधिक. अशा गुळाबरोबर दूध उकळू दिले तर ते फाटणारच. म्हणून जाणता माणूस पाणी, आले, भुकटी आणि गूळ एवढेच उकळवितो, पातेले खाली उतरवितो, वेगळे तापविलेले दूध वरून ओततो आणि नंतर ते पुन्हा विस्तवावर ठेवण्याचा मोह टाळतो. नव्या ढेपेची खात्री नसेल तर तिचा खडा पळीभर गरम दुधात विरघळवून पाहावा. फुटायचे असेल तर तेथेच फुटते आणि अख्खे पातेले वाचते. एवढी साधी कसोटी राजकीय पक्षांस उपलब्ध असती तर किती दूध वाचले असते!

आता हे सारे वैर इतक्या निश्चिंतपणे कसे चालते, हा प्रश्न आहे. आमच्या मते त्याचे उत्तर याच गावच्या मातीत आहे. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी हे नाव देशभर नेले, आणि अद्यापि यात्रांचा हंगाम आला की फडांच्या राहुट्या येथे लागून गावोगावचे पंच सुपारी देण्यास येतात. या तमाशाच्या आणि शाहिरीच्या परंपरेत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष. कलगीवाल्याने शक्ती श्रेष्ठ म्हणावी, तुरेवाल्याने शिव श्रेष्ठ म्हणावा, एकाने कूट घालावे, दुसऱ्याने ते उलगडून उलट सवाल टाकावा, आणि रात्रभर परस्परांची अशी काही अवहेलना करावी की नवख्याला वाटावे, उजाडेतो खून पडणार. खून पडत नाही, याचे कारण उघड आहे. शक्ती मोठी की शिव मोठा याचा निकाल लागून कोणाच्या सातबाऱ्यावर फेरफार होत नाही. आणि निकाल खरोखरच लागला तर दुसऱ्या दिवशी दोघांचाही धंदा बसेल.

बाकावरची रीतही हीच आहे, जरी ती कोणी लिहून ठेवलेली नाही. निंदा पेयाची करावी, पिणाराची नव्हे. पिणाराची करावयाची झाल्यास त्याच्या आवडीपुरती करावी, त्याच्या घरापर्यंत जाऊ नये. भाषा जितकी विखारी तितके संबोधन आदराचे ठेवावे. मास्तर जेव्हा शेठांस “आपल्यासारख्या विद्वानांस चव नसते हे शास्त्रसंमतच आहे” असे म्हणतात तेव्हा सर्व ठीक चालले आहे असे समजावे. ज्या दिवशी ‘आपण’चे ‘तुम्ही’ होते आणि स्वर खाली येतो, त्या दिवशी हॉटेलवाला सुज्ञपणे फडके घेऊन मध्ये येतो आणि बाक पुसावयाचा आहे म्हणून सर्वांस उठवितो. पैसे जिंकणाराने द्यावेत असा दंडक आहे. त्यामुळे साडेआठच्या सुमारास दोन्ही पक्ष मोठ्या औदार्याने पराभव पत्करू लागतात.

याच बाकावर कोणते विषय थट्टेत निघत नाहीत हे पाहिले म्हणजे मर्म अधिक कळते. कालव्याच्या आवर्तनाची थट्टा होत नाही. बांधाची होत नाही. बैलगाड्याची तर मुळीच नाही; या भागातील शर्यतीत गाडे एकामागून एक घाटात सुटतात आणि सेकंदांवर निकाल लागतो, त्या सेकंदाच्या अंशावरून बोलणे बंद झालेली घरे आम्हास माहीत आहेत. हा तंटा दिल्लीपर्यंत गेला, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात त्यांस परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने शर्यतींस मुभा देणारा कायदा उचलून धरला. चहा-कॉफीचा दावा मात्र अद्यापि कोणत्याही कोर्टाच्या पायरीवर चढलेला नाही, कारण त्यात कोणाचाच बैल नाही. आणि टोमॅटो? २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोचे क्रेट दोन हजारांवर गेले, तेव्हा आठवडेच्या आठवडे या बाकावर कोणी कॉफीचे नावही काढले नाही. प्रत्येकजण समोरच्याने किती क्रेट काढले याचा मनातल्या मनात हिशेब करीत होता आणि स्वतःचा आकडा विचारल्यास पावसाविषयी बोलत होता. पुढे भाव कोसळले आणि मगच मास्तरांस जायफळाची आठवण झाली.

सीमा ओलांडली गेल्याचाही एक प्रसंग घडला. वाद तालुक्यांवर घसरला होता, आणि तेथवर हरकत नव्हती. कचेरी घोडेगावी, बाजार मंचरला, मग आंबेगाव नेमके कोठे, हा जुन्नरकरांचा जुना सवाल आहे. चहापक्षातील एका तरुणाने उत्तर दिले, “तुमचा तालुका तर पाण्याखाली!” वाक्य खटकेबाज होते, परंतु घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि मूळ आंबेगाव खरोखरच त्या पाण्यात गेले, आणि ज्यांचे घर त्यात गेले असे एक गृहस्थ कॉफीपक्षाच्या टोकाला बसले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी कप बशीत ठेवला, एवढेच. तेव्हा मास्तर पोऱ्याला म्हणाले, “अण्णांना आणि मला दोन कॉफी आण रे, जायफळ घालून,” आणि ती कॉफी त्यांनी तोंड वाकडे न करता शेवटपर्यंत प्यायली. शेठांनी त्या दिवशी या घटनेचा पक्षासाठी काहीही उपयोग करून घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र भरपूर घेतला.

अलीकडे या वैरावर एक मोठे संकट येऊन गेले. मास्तरांची नात आणि शेठांचा मुलगा यांचे जुळले, आणि रीतसर बोलणी करण्यासाठी शेठ मंडळींसह जुन्नरास गेले. बैठक बसली, सतरंजीवर तक्के मांडले गेले, आतून सूनबाईंनी विचारले, “मामा, चहा घेणार की कॉफी?” ज्या गृहस्थाने या एका प्रश्नावर आयुष्यातील सकाळी खर्च केल्या त्याने सभोवार पाहिले, उपरणे सावरले आणि म्हटले, “काहीही चालेल.” मास्तरही घाईघाईने म्हणाले, “पाव्हण्यांना कॉफीच करा.” कित्येक दिवस हा आजार टिकला. दोघे बाकावर शेजारी बसत, एकमेकांस व्याही म्हणत आणि दूध मागवीत. दोन्ही पक्षांचे अनुयायी पोरके झाले.

लग्न निर्विघ्न पार पडले, पोरगी सासरी रुळली, देण्याघेण्याच्या गोष्टी मिटल्या, आणि मग एका सकाळी शेठांनी बाकावर बसता बसता फिर्याद गुदरली की मांडवातील कॉफी पाणचट होती. मास्तरांनी चष्मा पुसला आणि ती कॉफी शेठांच्याच मागणीवरून ठेवली होती हे त्यांनी साक्षीदारांसह शाबीत केले. पुढील तारीख उद्या सकाळी सातची आहे.