तेलाचा डबा आणि आमचा नाइलाज

दरवाढीची पत्रं लिहून देणं हा माझ्या धंद्याचा एक छोटा कोपरा आहे. मूळ काम जमाखर्च लिहिण्याचं. पण चार-पाच लहान कारखानदारांच्या वह्या ज्याच्याकडे असतात, त्याच्याकडे पत्राचं कामही आपोआप येतं, कारण मालकांना शेव पाडता येते, भावना कागदावर पाडता येत नाहीत. पत्राचा साचा मात्र आमच्या आजोबांच्या काळापासून तोच आहे. आधी कृपाभिलाषी नमस्कार, मग आपले जुने ऋणानुबंध, मग कच्च्या मालाच्या भावांची गगनभरारी, मग आमचा नाइलाज, आणि अगदी तळाला नवा भाव, तोही जरा बारीक अक्षरात. अनुभवी दुकानदार पत्र खालून वर वाचतात. बरेचसे तर वरपर्यंत पोचतच नाहीत.

मला आठवतं ते २०२४ च्या गणपतीतलं पत्र. केंद्र सरकारने १४ सप्टेंबरला कच्च्या पामतेल, सोयाबीन तेल आणि सूर्यफूल तेलावरचं आयात शुल्क वाढवलं. उपकर वगैरे धरून साडेपाच टक्क्यांचं एकदम साडेसत्तावीस टक्के झालं. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, त्यामुळे शुल्क दिल्लीत वाढलं तरी चटका थेट आपल्या कढईला बसतो. अनंत चतुर्दशीचं विसर्जन व्हायचं होतं, तेवढ्यात एक फरसाणवाले काका माझ्या टेबलासमोर हजर.

"लिहा," म्हणाले, "तेल वाढलं. दिवाळीच्या आत पत्र गेलं पाहिजे. किलोमागे वीस रुपये."

मी म्हटलं, "काका, आधी हिशेब तरी करू."

"हिशेब तुम्ही करा, मी आकडा सांगितला."

केला हिशेब. सोयीसाठी आकडे गोल केलेत. एक किलो शेवेला साधारण साडेसहाशे ग्रॅम बेसन लागतं आणि साडेतीनशे ग्रॅम तेल. त्यातलं बहुतेक शेवेच्या पोटात जातं, थोडं गाळात आणि झाऱ्याला. तेलाचा पंधरा किलोचा डबा १६५० चा २०२५ रुपये झाला, म्हणजे किलोला ११० चे १३५. वाढ पंचवीस रुपये, टक्क्यांत जवळजवळ तेवीस. ऐकायला भयंकर. पण शेवेत तेल एक किलो नसतं, साडेतीनशे ग्रॅम असतं. पंचवीस रुपयांची साडेतीनशे ग्रॅमपुरती वाढ होते पावणेनऊ रुपये. काकांची शेव दुकानदाराला दोनशे रुपये किलोने जायची. म्हणजे तेलापायी वाढ निघाली जेमतेम साडेचार टक्के, आणि काका मागत होते दहा.

दरवाढीच्या पत्रातली सगळी गंमत या फटीत असते. पत्रात 'तेल तेवीस टक्क्यांनी महागले' असं लिहिलं की वाचणाऱ्याला दहा टक्के म्हणजे मेहेरबानी वाटते. कच्चा माल मालात किती आहे, हे पत्रात कधीच नसतं. मीही कधी लिहिलेलं नाही. माझी फी पत्र लिहिण्याची आहे.

उरलेले सव्वाअकरा रुपये कुठले, हे मी काकांना विचारलं. ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गॅस वाढला, पोरांचे पगार वाढले, पाकिटाचं प्लास्टिक वाढलं. दोन वर्षं मी भाव वाढवला नाही, तेव्हा तुम्ही मला 'भाव वाढवला नाही' असं पत्र लिहून दिलं होतं का?" नव्हतं दिलं. आणि शेवटी त्यांनी खरं सांगून टाकलं, "वीस लिहा म्हणजे पंधरा मिळतात. दुकानदार पाच कमी करणारच." खरंय ते. पत्र म्हणजे लिलावातली पहिली बोली असते, फक्त तिच्यावर शिक्का मारलेला असतो.

दुकानदारांच्या हातातही एक हुकमी पान होतं. शुल्क वाढल्यावर तीनच दिवसांत केंद्र सरकारने तेल कंपन्यांना सांगितलं होतं, की जुन्या शुल्कात आलेलं सुमारे तीस लाख टन तेल देशात आहे, ते पंचेचाळीस-पन्नास दिवस पुरेल, तोवर भाव वाढवू नका. पण हा सल्ला काही बाजाराने मनावर घेतला नाही. एका दुकानदाराने फोनवर विचारलंच, "काका, तुमच्या गोदामातले डबे जुन्या भावाचे ना?" काका म्हणाले, "शेठ, ते डबे विकून नवे घ्यायचेत ते कुठल्या भावाने?" दोघांचंही बरोबर होतं. सौदा चौदावर मिटला.

पत्रांची अशी थट्टा करतो खरा, पण मला खरी भीती वाटते ती पत्र न पाठवणाऱ्याची. तेल वाढलं आणि भाव वाढला नाही, तर ती वाढ कुठेतरी मुरली, एवढं नक्की. दहा रुपयांच्या पाकिटाचा भाव वाढवता येत नाही, तिथे वजन घटतं. हे निदान पाकिटावर छापलेलं असतं, प्रत्येक ग्रॅमचा भावसुद्धा छापावा लागतो, वाचणाऱ्याने वाचावं. दुसरी वाट बेसनात वाटाण्याचं पीठ मिसळायची. तिसरी सगळ्यांत वाईट, तेच तेल पुन्हा पुन्हा तापवायची. तेल बदलायला झालं हे कढईच सांगते. फेस येतो तो बसत नाही, तेल काळपट आणि चिकट होतं, आच नेहमीची असूनही धूर लवकर निघतो. दुकानात ही कढई दिसत नाही, पण बोटाला चिकटणारा ओशटपणा आणि घशाशी येणारी खवट चव जाणवल्याशिवाय राहत नाही. अशा शेवेबरोबर कधीच पत्र येत नाही. तिचा भाव वर्षानुवर्षं 'आपल्यासाठी तोच' असतो.

आता या गोष्टीचं शेपूट. ते शुल्क वाढवलं होतं सोयाबीनवाल्या शेतकऱ्यासाठी. हमीभाव होता क्विंटलला ४८९२ रुपये आणि बाजारात त्याच्या खालीच बोली लागत होती. काकांची निम्मी शेव जाते लातूरकडच्या गावांत, म्हणजे सोयाबीनच्याच मुलखात. त्या हंगामात शेतकऱ्याला बाजारात हमीभाव काही मिळाला नाही, चौदा रुपयांनी महागलेली शेव मात्र वेळेवर मिळाली.

पुढे ३० मे २०२५ ला सरकारने कच्च्या तेलावरचं शुल्क उतरवून साडेसोळा टक्क्यांवर आणलं. मी सवयीने कोऱ्या लेटरहेडची गड्डी काढून ठेवली. काका आले, चहा प्याले, जीएसटीचं विवरणपत्र सही करून गेले. जाताना मी विचारलं, "पत्र?" तर म्हणाले, "कसलं? बेसन वाढलंय ना." पाकिटावर जास्त किमतीचं लेबल चिकटवायला कायद्याची मनाई आहे, कमी किमतीचं चिकटवायला परवानगी आहे. ही परवानगी वापरलेली मी फार पाहिलेली नाही.

तेव्हा तुम्ही दुकानदार असाल आणि दिवाळीआधी असं पत्र आलं, तर फाडू नका. पाठवणारा कढईतलं तेल बदलतोय असं धरून चाला. फक्त फोन करून एवढंच विचारा, "काका, एका किलोत तेल किती?" उत्तर ग्रॅममध्ये आलं तर भाव देऊन टाका. उत्तरात ऋणानुबंध आले तर पाच रुपये कमी करा.