बोंडं मोजायला या, वजनाला नको

कापसाच्या बियाण्यात घासाघीस नसते. बीजी-2 च्या 475 ग्रॅमच्या पाकिटाचा कमाल दर केंद्र सरकार ठरवतं. 2025 च्या हंगामाला तो 901 रुपये होता. पाकीट कुणाचंही घ्या, आत बोंडअळीविरुद्धची जनुकं बहुतेक तीच. दर सारखा, जनुकं सारखी, पिशवीवरचं टपोरं बोंडही एकमेकांचं जुळं भावंड वाटावं असं. मग एका कंपनीने दुसरीपेक्षा वेगळं विकायचं तरी काय? नाव. आणि नाव विकायला तीन गोष्टी लागतात: दुसऱ्याचं शेत, दुसऱ्याचं तोंड आणि आपला मांडव.

शेत कसं निवडतात ते बघण्यासारखं असतं. मुरमाड, उताराचं, नाल्यापलीकडचं रान डेमो प्लॉटला चालत नाही. शेत डांबरी रस्त्याला लागून हवं, काळ्या कसदार जमिनीचं हवं, विहिरीला पाणी हवं, ठिबक असेल तर सोन्याहून पिवळं. मालकाच्याही अटी आहेत. तो माजी सरपंच असावा, सोसायटीचा संचालक असावा, निदान पारावर बोलायला लागला की चारजण गप्प बसावेत असा असावा. अशा माणसाला पाकीट फुकट मिळतं, खताच्या दोन पिशव्या येतात, फवारणी कधी आणि कशाची करायची ते सांगायला कंपनीचा पोरगा दर आठवड्याला मोटरसायकलवर हजर होतो. गावातल्या इतरांना हाच पोरगा वर्षातून एकदा दिसतो, तोही हेल्मेटमध्ये.

मग बांधावर पत्र्याची पाटी लागते. वाणाचं नाव, लागवडीची तारीख, शेतकऱ्याचं नाव, मोबाईल नंबर. पाटीवर जे नसतं तेच खरं वाचण्यासारखं: किती पाणी दिलं, किती खत घातलं, किती फवारण्या झाल्या, आणि शेजारी त्याच दिवशी, त्याच खतावर दुसरा कुठला वाण लावला होता. हे शेवटचं नसेल तर त्या प्लॉटवरून बियाणं चांगलं की विहीर चांगली, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

कृषी विज्ञान केंद्राची आद्यरेषीय प्रात्यक्षिकं असतात, ती साधारण एकरभर क्षेत्रावर. त्यांचं रंगरूप फार नसतं. पण शेजारी शेतकऱ्याच्या नेहमीच्या पद्धतीचं रान धरलेलं असतं आणि शेवटी दोन्हीकडचं उत्पादन कागदावर येतं. म्हणूनच बहुधा तिथे गर्दी कमी असते. फरक दीड-दोन क्विंटलचा निघाला तर त्यावर कोण टाळ्या वाजवणार!

टाळ्या वाजतात त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, कंपनीच्या पीक पाहणीच्या दिवशी. आजूबाजूच्या गावांतून गाड्या भरून माणसं येतात. डोक्यावर टोपी, हातात पत्रक, नंतर पुरी-भाजी आणि बुंदी. मग साहेब मंडळींना घेऊन तासात शिरतात आणि एका झाडापाशी थांबतात. हे झाड नेहमी वाटेच्या कडेला असतं. त्याला एका बाजूने मोकळी हवा, मोकळं ऊन. शेजाऱ्याची दाटी नाही. एखाद्या जाणत्या शेतकऱ्याला पुढे बोलावतात, मोठ्याने बोंडं मोजायला लावतात. शंभर! एकशे दहा! एकशे वीस! मोबाईल वर होतात, व्हिडिओ निघतो, संध्याकाळपर्यंत तो तालुकाभर फिरतो. त्याच मांडवात साहेब छातीवर हात ठेवून सांगतात, एकरी पंधरा क्विंटल कुठे गेला नाही.

आता जरा पाटी-पेन्सिल घेऊ. लागवड चार बाय दीड फुटांवर आहे असं धरा. म्हणजे एका झाडाला सहा चौरस फूट. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. भागाकार केला की झाडं होतात 7,260. एका बोंडातून चार ग्रॅम कापूस निघतो असं धरू. पत्रकात पाच-सहा लिहिलेलं असतं, कोरडवाहूत चार मिळाले तरी पावलं. आता प्रत्येक झाडाला 120 बोंडं असतील तर एकराला कापूस होतो जवळपास 35 क्विंटल. साहेब स्वतःच पंधरा म्हणतात! म्हणजे हातातल्या झाडावर साहेबांचाही विश्वास नाही. बरं, पंधरा क्विंटलला झाडाला किती बोंडं लागतात? सरासरी 52. आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात जे एकरी पाच क्विंटल येतात, त्याला? सतरा. हो, वेचणीपर्यंत टिकलेली, फुटलेली सतरा बोंडं. सतरा बोंडांच्या झाडाबरोबर आजवर कुणी फोटो काढलेला नाही, पण विदर्भातला बराचसा कापूस त्याच झाडावरून येतो.

एवढं गणित येत असेल तर मांडवात करण्यासारखं एक काम आहे. वाटेवरचं झाड सोडायचं, बांधापासून वीसेक पावलं आत जायचं, पाच ठिकाणी एकाच ओळीत सलग दहा-दहा झाडं धरायची. खुरटलेलं झाड आलं तरी वगळायचं नाही, आणि जिथे झाड उगवलंच नाही तिथे शून्य मांडायचं. पन्नास जागांची बेरीज, पन्नासाने भागाकार. बहुतेक वेळा आकडा निम्म्यावर येतो. साहेबांचा चेहराही.

पण सरासरी नीट काढली तरी ती हिरव्या बोंडांची असते, आणि बाजारात हिरवी बोंडं कुणी विकत घेत नाही. पाहणीचा मुहूर्त ऑक्टोबरच्या आसपासचा असतो तो उगाच नाही. त्या वेळी पीक सगळ्यात देखणं दिसतं आणि सगळी संकटं पुढेच असतात. परतीचा पाऊस लागून राहिला की खालची बोंडं सडतात. गुलाबी बोंडअळीचा खरा धिंगाणाही त्यानंतरच. ती बोंडाच्या आत बसते. बाहेरून बोंड गुटगुटीत, फोडलं की आत किडलेली सरकी आणि डागाळलेली रुई. 2017 साली राज्यातल्या कापूस पट्ट्याने हे डोळ्यांनी पाहिलं: झाडं बोंडांनी लगडलेली आणि घरात कापूस नाही. त्या वर्षीच्या सप्टेंबरातही कुणी ना कुणी वाटेच्या कडेला शंभर बोंडं मोजलीच असतील. म्हणून बोंडं मोजून झाली की त्यातली वीस फोडून बघावीत. साहेब म्हणतील, कशाला नुकसान करता? शेतकऱ्याच्या नुकसानाची एवढी काळजी कुणाला असेल तर विसाव्या बोंडानंतर थांबावं.

हा सगळा खेळ चालतो त्याचं कारण शेतकरी भोळा आहे हे नव्हे. कारण अगदी शहाणपणाचं आहे: माणूस विक्रेत्याचं ऐकतो, पण विश्वास शेजाऱ्यावर ठेवतो. अमेरिकेतल्या आयोवात संकरित मका कसा पसरला, यावर रायन आणि ग्रॉस या दोघांनी 259 शेतकऱ्यांना विचारून 1943 साली अभ्यास छापला. नव्या बियाण्याची खबर सगळ्यात जास्त जणांना पहिल्यांदा दिली विक्रेत्याने; पण लावायचं मनावर घेतलं ते सगळ्यात जास्त जणांनी शेजाऱ्यामुळे. कृषी विस्ताराच्या विद्यार्थ्यांनी हे परीक्षेसाठी पाठ केलं. कंपन्यांनी ते अमलात आणलं: शेजाऱ्याचा शब्द चालतो ना, मग शेजारीच घ्या!

शेजाऱ्याहून वजनदार एकच माणूस असतो, कृषी केंद्राचा मालक. तो नुसता दुकानदार नाही, तोच सावकार, तोच डॉक्टर. मृगाला बियाणं उधार देतो, कापूस विकला की पैसे घेतो. ज्याच्याकडे उधारी, त्याच्याशी वाद कोण घालणार? त्याने फळीवरचं पाकीट काढून ठेवलं आणि “हे लाव भाऊ, यंदा हेच चाललंय” म्हटलं की विषय संपला. तेच का चाललंय, याचं उत्तर पुष्कळदा दुकानाच्या मागच्या भिंतीवर असतं: कंपनीच्या योजनेचं कॅलेंडर. इतकी पाकिटं विकली तर इतकी सूट, त्याहून जास्त विकली तर बँकॉकची सहल. बँकॉकला कापूस किती होतो, हे अजून एकाही दुकानदाराने येऊन सांगितलेलं नाही. (खताचं तर विचारूच नका. युरियाच्या पोत्यासोबत टॉनिकची बाटली गळ्यात मारतात, त्याला प्रात्यक्षिक लागतच नाही. युरिया हवा ना?)

हल्ली तिसरा तोंडवाला आला आहे, मोबाईलवाला. बांधावर उभा राहून “राम राम शेतकरी मित्रांनो” म्हणतो, पाकीट छातीशी धरतो. त्याच्या गावी लोक त्याला ओळखतात म्हणून तालुका विश्वास ठेवतो. पाकीट विकत घेतलं की भेट आलं, एवढं मात्र व्हिडिओत कधी येत नाही.

ग्लेन डेव्हिस स्टोन नावाच्या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने शेजारच्या तेलंगणातल्या वारंगळ भागात कापूस बियाण्याची खरेदी बरीच वर्षं पाहिली आणि 2007 साली ते लिहून छापलं. एखाद्या वर्षी सगळं गाव एका वाणामागे धावतं, पुढे तोच वाण कुणी विचारत नाही. पलीकडच्या गावात भलत्याच वाणाची लाट. जमीन, पाणी, कीड यांत त्या लाटांचं कारण सापडेना. एकाने घेतलं म्हणून दुसऱ्याने घेतलं, एवढंच. आपल्याकडे अशी लाट आली की जूनमध्ये तेच नाव दुकानात ‘शिल्लक नाही’ होतं आणि मागच्या दाराने छापील दरापेक्षा चढ्या भावात मिळतं. बिल नाही. आणि बिल नाही म्हणजे काहीच नाही. शेतकरी हा ग्राहक आहे, त्याला ग्राहक मंचात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलं. पण तिथे साहेबांचा व्हिडिओ दाखवण्याआधी लॉट नंबरचं बिल आणि रिकामी पिशवी दाखवावी लागते. पिशवीवरच्या लेबलवर उगवणशक्ती आणि शुद्धता छापलेली असते. पंधरा क्विंटल तिथे कुठेही लिहिलेले नसतात. ते फक्त मांडवात बोललेले असतात.

तेव्हा यंदा बोलावणं आलं तर जरूर जा, बुंदी चांगली असते. येताना पत्रक तिथेच ठेवा, पण प्लॉटच्या पाटीवरचा मोबाईल नंबर उतरून घ्या. जानेवारीत, शेवटची वेचणी झाली की त्या भाऊंना फोन लावा आणि दोनच गोष्टी विचारा: काट्यावर किती भरला, आणि पुढच्या वर्षी हेच पाकीट स्वतःच्या पैशाने घेणार का?