डबा हजर, भाऊ वाटेत

पालमला आमच्या फायनान्सच्या शाखेत सकाळी सर्वांत आधी हजर होतो तो भाऊंचा डबा. गंगाखेडहून येणाऱ्या काळी-पिवळीचा ड्रायव्हर नऊ-पंचवीसला खाली हॉर्न वाजवतो. आमचे मामा जिना उतरून स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा घेतात आणि भाऊंच्या टेबलावर ठेवतात. भाऊ मागच्या गाडीने येतात. "जीपमंदी माणसाला जागा नसती ताई, डब्याला असती," असा त्यांचा खुलासा. डबा पोचला म्हणजे आपणही पोचल्यासारखेच आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

अप-डाऊन करणारा माणूस तालुक्याच्या प्रत्येक कचेरीत असतो. पण भाऊंसारखा अभ्यासू क्वचित सापडेल. गंगाखेड डेपोची कोणती गाडी कुठे मुक्कामी असते आणि कोणता कंडक्टर चहाला थांबतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. लोह्याकडे जाणारी कोणती जीप पालमचा प्रवासी मागे बसवते, हेही त्यांना विचारावं. एवढं ठाऊक असलेला माणूस उशिरा येतो कसा, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. माहितीचा उपयोग ते वेळेवर येण्यासाठी करत नाहीत, उशीर समजावून सांगण्यासाठी करतात, हे नंतर कळलं.

आमच्या शाखेत एचआर म्हणजे मी. खरं एचआर पुण्यात आहे. ते मेल पाठवतं आणि मी त्यावर शिक्का मारते. गेल्या वर्षी, म्हणजे 2025च्या जुलैअखेर, पुण्याहून आदेश आला की सदर कर्मचाऱ्यास ताकीदपत्र द्यावे. सोबत नमुनाही होता: 'आपण वारंवार उशिरा येत असल्याचे निदर्शनास आले असून आपल्या वर्तनात सुधारणा अपेक्षित आहे.' मी तो भाऊंना वाचून दाखवला, कारण ते समोरच बसतात. भाऊंनी पानाचा बार गालात सरकवला आणि विचारलं, "वारंवार म्हंजे कितीदा, ताई?"

प्रश्न रास्त होता. 'वारंवार' या शब्दाला तारीख नसते आणि ज्याला तारीख नाही त्याचा खुलासा कुणीच देऊ शकत नाही. म्हणून मी थम्ब मशीनचा जुलैचा कागद काढला. वेळ साडेनऊची, दहा मिनिटं सवलत. नऊ-चाळीसनंतरच्या नोंदी खुणावल्या तर सात निघाल्या. मला उगाचच पोलीस झाल्यासारखं वाटलं.

पण कागद मशीनचा असला तरी तो पडताळावा लागतो. 15 तारखेला मशीन भाऊंना 11.50ला आलेले दाखवत होतं. फिरतीचं रजिस्टर उघडलं तर त्या दिवशी साहेबांनीच त्यांना सकाळी परस्पर वसुलीला धाडलेलं. ती तारीख गेली. 11 तारखेला नोंद होती 9.47. पण 10च्या रात्री वीज गेली होती आणि त्यानंतर मशीनचं घड्याळ सात मिनिटं पुढे पळत होतं. ते आम्ही 12ला नीट केलं. म्हणजे भाऊ 9.40ला आले, सवलतीच्या अगदी काठावर. तीही गेली. या दोन्ही तारखा पत्रात राहिल्या असत्या, तर भाऊंनी 15चीच तेवढी धरली असती. अशा पत्रात एक नोंद खोटी ठरली की उरलेल्या खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

उरल्या पाच. 2 जुलैला 9.52, 7ला 10.05, 14ला 10.11, 21ला 9.58 आणि 28ला 10.20. साडेनऊपासून मोजली तर सगळी मिळून 176 मिनिटं. पुण्याच्या नमुन्यात पुढे 'तीन उशिरांस एक दिवसाचे वेतन' असंही होतं. ते मी खोडलं. गैरहजेरीच्या वेळेपेक्षा जास्त पगार कापू नये, हे 1936च्या वेतनाच्या कायद्यापासून चालत आलेलं आहे. तीन तासांपेक्षा कमी उशिरासाठी आठ तास कापले असते तर भाऊंच्या बाजूने पहिली मीच उभी राहिले असते. शिवाय ताकीद म्हणजे ताकीद. तिच्यात शिक्षा मिसळली की माणूस उशिराचं विसरतो आणि पैशांवरून भांडतो.

तारखा एकाखाली एक लिहिल्यावर मात्र मला हसू आलं. 7, 14, 21, 28. कॅलेंडरावर बोट फिरवलं तर चारही सोमवार.

भाऊ राहतात आईजवळ गंगाखेडला; बायको-पोरं परभणीत, शाळेपायी. शनिवारी रात्री ते परभणीला जातात आणि सोमवारी सकाळच्या रेल्वेने गंगाखेडला उतरून पुढे जीप धरतात. गाडी दहा मिनिटं मागे पडली की जीप भरून गेलेली असते. रोजच्या उशिराची ज्यांची ख्याती, ते भाऊ 2 तारीख सोडली तर फक्त सोमवारी उशिरा येत होते. मंगळवार ते शनिवार त्यांना डब्यामुळे बदनामी मिळत होती. डबा आधी आलेला दिसायचा आणि पाच मिनिटांनी आलेले भाऊसुद्धा उशिरा आल्यासारखे वाटायचे.

पत्रात मी पाच तारखा वेळेसकट घातल्या. तोंडी समज कधी दिली तेही घातलं. तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला. अपेक्षित सुधारणेच्या जागी 'वर्तन' काढून लिहिलं: 1 ते 31 ऑगस्ट साडेनऊला हजर राहावे; सवलत महिन्यात दोनदाच; अडचण आल्यास सव्वानऊपूर्वी फोन करावा; आढावा 1 सप्टेंबरला.

भाऊंनी पोचेवर सही करायला नकार दिला. "सही केली म्हंजे कबूल केलं!" सही म्हणजे पत्र मिळालं एवढंच, मजकूर मान्य असा अर्थ होत नाही, हे समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी त्यांनी 'मिळाले, मान्य नाही' असं लिहून सही ठोकली.

खुलासा दोन पानी आला. 2 तारखेला टायर फुटला होता. 7 तारखेचं कारण वाचून मीही गप्प झाले: आदल्या दिवशी आषाढी एकादशी, डेपोच्या गाड्या पंढरपूरला, म्हणून सगळी गर्दी जीपवर. 14, 21 आणि 28साठी मात्र पांडुरंग उपलब्ध नव्हता. तिथे भाऊंनी एका ओळीत 'रेल्वे' एवढंच लिहिलं होतं. शेवटी तळटीप होती: 'आम्ही जनाबाईच्या गावचे.' जनीचं दळण दळायला विठोबा यायचा म्हणतात. थम्ब लावायला तो येत नाही, आणि मशीनवर दुसऱ्याचा थम्ब चालतही नाही, हे मी त्यांना तोंडीच सांगितलं.

मग म्हटलं, "भाऊ, रविवारी संध्याकाळीच निघा ना." ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. इतक्या वेळापत्रकांत ही गाडी त्यांनी कधी धरलीच नव्हती. पोरं झोपेपर्यंत थांबायचं असतं, एवढंच हळू आवाजात म्हणाले. पुण्याच्या नमुन्यात या कारणासाठी रकाना नव्हता. मी त्यांना साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी महिन्यातला एक सोमवार साडेदहाचा करून दिला, संध्याकाळी तासभर जास्त थांबायच्या बोलीवर, आणि तेही लेखी. बाकीचे रविवार भाऊंनी संध्याकाळच्या गाडीला दिले.

1 सप्टेंबर, आढाव्याचा दिवस. वारही नेमका सोमवार. नऊ-सव्वीसला जिन्यात पावलं वाजली आणि घामाघूम भाऊ वर आले. थम्ब लावला. मामा उठून खिडकीशी गेले, खाली बघितलं, परत आले.

"भाऊ, डबा?"

भाऊंनी कपाळावर हात मारला. पहिल्याच जीपमध्ये जागा मिळाल्याच्या आनंदात डबा सीटखाली राहिला होता आणि जीप लोह्याला निघून गेली होती.

डबा परतीच्या गाडीने सव्वाअकराला आला. मी नोंद घेतली नाही.