साहेब, नेट गेलं होतं : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

घरून काम करायला लागलेल्याने पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट मनाशी पक्की करावी. ‘नेट गेलं होतं’ हे वाक्य शंभर टक्के खरं असलं तरी ऐकणाऱ्याला ते खरं वाटत नाही. शाळेत ‘पोटात दुखत होतं’ला जी पत होती, तीच याला ऑफिसात आहे. म्हणून ही मार्गदर्शिका ज्यांचं नेट खरोखर गेलं होतं त्यांच्यासाठीच आहे. थाप मारणाऱ्यांना मार्गदर्शन लागत नाही, त्यांची गोष्ट मुळातच बांधेसूद असते. पंचाईत होते ती खरं बोलणाऱ्याची, कारण खऱ्या गोष्टीत जेसीबी असतो, दगडी भिंत असते आणि दुपारची झोपही असते.

उदाहरण घेऊ. तुम्ही साताऱ्यात जुन्या दगडी घराच्या तळमजल्यावर बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करता. मंगळवारी सकाळी १० वाजून ५२ मिनिटांनी नेट गेलं आणि दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी आलं. मधल्या काळात साहेबांनी पाच फोन केले, पाचही वेळा तुम्ही संपर्क क्षेत्राबाहेर होतात. आता नेट आलंय आणि पहिला मेसेज आलाय : ‘कॉल मी.’

पायरी पहिली : काय गेलं होतं ते आधी स्वतःला कळू द्या.

नवशिका हमखास म्हणतो, ‘सर, वायफाय गेलं होतं.’ वायफाय कुठेही गेलेलं नव्हतं. फोनवर दिसणाऱ्या चार रेघा म्हणजे तुमचा फोन आणि कपाटावरचा डबा यांच्यातली माया. डब्याच्या पलीकडे जग आहे की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नाही. जगाची खबर डब्यावरचे दिवे देतात. ‘पॉन’ नावाचा हिरवा दिवा स्थिर असेल तर कंपनीकडून येणारा प्रकाश तुमच्या घरापर्यंत पोचतो आहे आणि भानगड लॉगिनची, थकलेल्या बिलाची किंवा कंपनीच्या आतली आहे. ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल होऊन लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही. म्हणजे काचेची तार कुठेतरी तुटली आहे, दबली आहे किंवा डब्यामागची हिरवी पिन साफसफाई करताना निघाली आहे. पिन आधी बघा. तास दीड तास कॉल सेंटरशी भांडून झाल्यावर ती निघालेली सापडली, तर या मार्गदर्शिकेचा काही उपयोग नाही.

लाल दिव्याचा फोटो लगेच काढा. आणि मग, कितीही हात शिवशिवले तरी, डबा बंद-चालू करू नका. बहुतेक डबे आपल्या नोंदी तात्पुरत्या स्मरणात ठेवतात आणि वीज गेली की त्या पुसल्या जातात. शिवाय त्यांना स्वतःचं घड्याळ नसतं, ते नेटवरून वेळ विचारून घेतात. नेट नसताना डबा पुन्हा चालू केलात, १९२.१६८ ने सुरू होणारा तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकून नोंदी उघडल्यात, तर बहुधा असं काहीतरी दिसेल :

```
1970-01-01 00:02:41  LOS alarm
```

हा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून पाठवणारे लोक आहेत. त्यावरून सिद्ध एवढंच होतं की तुम्ही १ जानेवारी १९७० पासून कामावर नाही.

पायरी दुसरी : दुसऱ्याच्या घड्याळातली वेळ मिळवा.

तक्रार नोंदवली की कंपनीकडून तक्रार क्रमांकाचा एसएमएस येतो. त्यावरची वेळ तुमची नसते, म्हणूनच ती किमती आहे. हा एसएमएस मिळवायला आधी ‘कृपया आपला मोडेम रीस्टार्ट करा’ हे रेकॉर्ड केलेल्या आवाजात ऐकून घ्यावं लागतं. ऐका आणि हो म्हणा.

गंमत अशी की तार तुटल्याचं कंपनीला बरेचदा तुमच्याआधी दिसलेलं असतं. एका तारेतून आलेला प्रकाश रस्त्यावरच्या छोट्या डबीत वाटला जातो आणि ३२ किंवा ६४ घरांत जातो. घरातली वीज गेली, तर तुमचा डबा विझता विझता कंपनीला ‘माझी वीज गेली’ असा शेवटचा निरोप धाडतो. तसा निरोप न येता एका दमात पन्नास घरं गप्प झाली, तर बसल्या जागी कळतं की कुणीतरी रस्ता खोदतंय. हे तुमच्याही कामाचं आहे. शेजारच्या दोन घरांत विचारून या. त्यांचेही दिवे लाल असतील तर ‘गल्लीतली सगळी लाइन गेली आहे’ असं छातीठोकपणे सांगता येतं. नसतील तर बिघाड तुमच्याच दाराशी आहे आणि दुरुस्तीवाला उद्या येईल.

पायरी तिसरी : फोन का लागला नाही, याचं उत्तर तयार ठेवा.

सगळी परीक्षा या एका प्रश्नाची आहे. ‘अरे, नेट गेलं हे समजलं. पण फोनला काय झालं होतं?’ इथे नवशिका ‘सर, रेंज नव्हती’ म्हणतो आणि संपतो. कारण काल संध्याकाळी त्याच खोलीतून तो साहेबांशी चांगला पाऊण तास बोललेला असतो.

खरं कारण असं आहे. हातभर जाडीच्या दगडी भिंतीतून टॉवरचा सिग्नल आत येतच नाही. काल तुम्ही बोललात ते टॉवरवरून नाही, वायफाय कॉलिंगवरून. फोन गुपचूप ब्रॉडबँडवरून कॉल लावत होता आणि तुम्हाला वाटत होतं की रेंज सुधारली. त्यामुळे तार तुटली तेव्हा नेट आणि फोन दोन्ही एकदम गेले. हे साहेबांना दोन वाक्यांत सांगा : ‘घरात मोबाइलचा सिग्नल नाही, कॉल वायफायवरून लागतात. म्हणून नेटबरोबर फोनही गेला.’ याहून जास्त तांत्रिक बोलू नका. माणूस तिसरं तांत्रिक वाक्य बोलायला लागला की तो काहीतरी लपवतोय असं साहेबांना वाटतं.

मात्र या उत्तराच्या पोटात पुढचा प्रश्न आहे : ‘मग अंगणात का नाही आलास?’ त्याला एकच उत्तर चालतं, ते म्हणजे तुम्ही आला होतात. साधा एसएमएस जायला नेट लागत नाही. जिथे व्हॉट्सॲपचं चक्र नुसतं फिरत राहतं, तिथूनही तो निघून जातो. अंगणात जाऊन ११ वाजायच्या आत हे पाठवायचं :

‘सर, १०.५२ पासून नेट बंद. गल्लीत तार तुटली आहे, तक्रार नोंदवली. घरात फोन लागणार नाही. दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन मेसेज बघतो. ११ च्या मीटिंगचा तक्ता कालच फोल्डरमध्ये ठेवला आहे.’

यात माफी नाही, हळहळ नाही, ‘होपफुली’ नाही. शेवटच्या वाक्याकडे नीट बघा. साहेबांना तुमच्या तारेशी देणंघेणं नाही, त्यांना ११ वाजता क्लायंटसमोर काहीतरी उघडून दाखवायचं आहे.

पायरी चौथी : पावणेपाच तास का लागले?

शहरातल्या साहेबांना वाटतं की तार तुटली म्हणजे दोन टोकं पिळायची आणि वर काळी पट्टी गुंडाळायची. त्यांना खड्ड्याजवळ उभं करणं शक्य नसतं, म्हणून तुम्ही उभे राहा, म्हणजे निदान डोळ्यांनी पाहिलेलं सांगता येईल.

आधी तुटलं कुठे ते शोधतात. एक यंत्र तारेत प्रकाशाचा ठोका सोडतं आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर सांगतं. मुलं तेवढं अंतर मोजत मोटरसायकलवर येतात आणि गटाराच्या खोदाईत जेसीबीने ओरबाडलेली केबल त्यांना सापडते. केबल ताणून तुटलेली असते, टोकं एकमेकांना पोचत नाहीत, म्हणून मध्ये नवा तुकडा घालावा लागतो. आता जोड एका जागी नाही, दोन जागी. केबलमध्ये २४ तारा असतील तर जोड ४८. प्रत्येक तार केसाएवढी. तिचं आवरण सोलायचं, स्पिरिटने पुसायची, टोक काटकोनात कापायचं, यंत्रात ठेवून विजेच्या ठिणगीने काच काचेला वितळवून जोडायची, मग वरून नळी चढवून ती गरम करायची. एका जोडाला पाच मिनिटं धरली तरी ४८ जोडांना चार तास होतात. दोन यंत्रं असली तर निम्मे, पण दुसरं यंत्र बहुधा कोरेगावला गेलेलं असतं.

या ४८ जोडांना रंगांचा क्रम असतो. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी असं करत पुढे जातात. म्हणून समोरच्या काकूंची मालिका दोन वाजता सुरू होते आणि तुमचा दिवा पावणेचारपर्यंत लाल राहतो. काकूंची निळी असते. ‘शेजारी नेट आलं होतं की’ असं साहेबांच्या कानावर गेलं, तर हा खुलासा हाताशी असू द्या. एरवी या पायरीतलं काहीच सांगायचं नसतं. ‘मोठी केबल तुटली, ४८ जोड करावे लागले’ एवढं पुरे.

पायरी पाचवी : दीड ते अडीच.

या वेळात तुम्ही झोपला होतात. नेट नाही, फोन नाही, दगडी घरातला गारवा. दुसरं काय होणार. ‘लाइनमनची वाट पाहत होतो’ असं म्हणायचा मोह होतो, आणि आडवं पडूनही वाट पाहता येते हे खरं आहे. तरी म्हणू नका. दर अर्ध्या तासाने बाहेर येतो असं तुम्हीच लिहून दिलं आहे आणि १.४८ चा साहेबांचा एसएमएस तुम्ही २.३५ ला वाचला आहे. ‘जेवायला थांबलो होतो, तो तास संध्याकाळी भरून देतो’ म्हणा आणि संध्याकाळी खरंच भरून द्या.

पायरी सहावी : प्रत्यक्ष संभाषण.

साहेबांना तीनच वेळा हव्या असतात. कधी गेलं, कधी कळवलं, कधी आलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेतलं अंतर जेसीबीचं आहे. त्याबद्दल शहाणा साहेब बोलत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेतलं अंतर तुमचं आहे. ते पाच मिनिटं असेल तर पाच तास माफ होतात. ते दोन तास असेल तर लाल दिव्याचा फोटो, तक्रार क्रमांक, ४८ जोड, सगळं मिळूनही उपयोग होत नाही.

शेवटी ‘पुन्हा असं झालं तर काय करशील?’ हा प्रश्न येणारच. ‘मोडेमला छोटा यूपीएस घेतो’ म्हणू नका, तो वीज गेल्यावर चालतो, तार तुटल्यावर नाही. ‘दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेतो’ म्हणण्याआधी खांबाकडे बघून या. दोन्ही कंपन्यांच्या केबली एकाच खांबावरून उतरून एकाच चरातून जात असतील, तर जेसीबी बिलं बघून तोडत नाही. ज्या मोबाइल कंपनीची रेंज अंगणात चांगली येते तिचं प्रीपेड सिम दुसऱ्या खाचेत टाका, त्या जागी एक खुर्ची ठेवा, आणि ऑफिसचं व्हीपीएन त्या सिमवरून जोडलं जातं की नाही हे आजच तपासा. काही कंपन्यांची लॉगिनची परवानगी घरच्या नेटशीच बांधलेली असते, आणि ते नेमकं अडचणीच्या दिवशी कळतं.

गटाराचं काम अजून झालेलं नाही. मुकादम म्हणत होता, उद्या समोरची बाजू खोदायची आहे. उद्याच्या मीटिंगची फाइल आज रात्रीच पाठवून ठेवा.