खासगी बाब

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या फोनवरच्या जाहिराती अखेर बंद झाल्या. शंभर टक्के. जाहिरातींबरोबर व्हॉट्सअ‍ॅप, बँक, नकाशा, रेल्वेचं तिकीट आणि सुनबाईंनी पाठवलेले नातवाचे फोटोही बंद झाले, पण क्रांतीत थोडं नुकसान व्हायचंच.

कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी ऐकलं होतं, की सेटिंगमध्ये एक नाव टाकलं की जाहिराती पळतात. अँड्रॉइड फोनमध्ये २०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून Private DNS नावाची सोय आहे. तिथे सेक्रेटरींनी आधी 8.8.8.8 टाकून पाहिलं. तिथे आकडे चालत नाहीत, नावच लागतं. Save चं बटण दबेना. मग त्यांनी dns.google टाकायचं ठरवलं. म्हणजे जाहिराती घालवण्यासाठी त्यांनी निवडला तो जाहिरातींवरच जगणाऱ्या कंपनीचा पत्ता, जो एकही जाहिरात अडवत नाही. तेही असो. घाईत एक o गळला आणि पडलं:

```
dns.gogle
```

बटण लगेच दबलं. फोन इथे फक्त नावाची ठेवण बघतो. त्या नावाचं कुणी जगात आहे का, हे विचारत बसत नाही.

आता आत काय झालं ते बघा. कुठलंही अ‍ॅप उघडलं की फोनला आधी त्या कंपनीच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा आकडी पत्ता काढावा लागतो. एसटी स्टँडवर गाडी कुठे लागते ते चौकशीच्या खिडकीवर विचारावं, तसं. एरवी फोन वायफायवाल्याच्या किंवा सिमकंपनीच्या खिडकीवर विचारतो. सेक्रेटरींनी मात्र लेखी हुकूम दिला, की यापुढे dns.gogle याच खिडकीवर, तेही बंद पाकिटातून विचारायचं. खिडकी शोधायला फोन एकदा नेहमीच्या खिडकीवर गेला. उत्तर मिळालं, असं कुणी नाही. Automatic ठेवलं असतं, तर पाकीट जमलं नाही तर फोनने उघड्यावर विचारून काम भागवलं असतं. पण नाव लिहून दिलं की तो मागे फिरत नाही. बरोबरच आहे. खासगीपणासाठी केलेली सोय गुपचूप उघड्यावर बोलू लागली, तर ती कसली खासगी? सरकारी खात्यात असा आज्ञाधारक कारकून सापडत नाही.

मग निदान सुरू झालं. पहिला संशय वायफायवर. राउटर बंद-चालू केला. मग मोबाइल डेटा लावला. तोही मुका, कारण हा हुकूम साऱ्या फोनला लागू, वायफाय असो की सिम. सिम काढून, शर्टाला पुसून परत घातलं. फोन रीस्टार्ट केला. हुकूम जागच्या जागी. कस्टमर केअरला फोन मात्र व्यवस्थित लागला, कारण साध्या कॉलला आणि एसएमएसला ही चौकशी लागत नाही. तिकडच्या मुलीने नेटवर्क उत्तम असल्याचं सांगितलं, आणि ती खरंच बोलत होती. शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून सेक्रेटरींनी बँकेचं अ‍ॅप काढून टाकलं, नव्याने घ्यायला. घ्यायचं कुठून? अ‍ॅपचं दुकानही त्याच खिडकीमागे.

एवढ्यात मेंटेनन्स बिल थकलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने दोन गोष्टी पाहिल्या. त्याच वायफायवर त्याचा स्वतःचा फोन झकास चालत होता, म्हणजे दोष लाइनचा नाही. आणि सेक्रेटरींच्या फोनमध्ये ब्राउझरला राउटरचा 192.168.1.1 हा आकडा दिल्यावर त्याचं पान उघडलं. आकड्याने जातं, नावाने जात नाही, म्हणजे रोग पत्ता विचारण्यातच आहे. मुळात फोन केव्हापासून सांगत होता: Private DNS server cannot be accessed. सेक्रेटरींनी ती सूचना जाहिरात समजून बाजूला सारली होती.

मुलाने Automatic निवडलं आणि फोन ठणाठणा वाजू लागला. पहिली आली ती जाहिरात.

सेक्रेटरींचं मत अजून बदललेलं नाही: सिमकंपनी बेकार. पुढच्या सभेत ठराव येणार आहे. तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे वायफाय जोडलेलं दिसतंय, बाकीच्यांचं चालतंय आणि तुमचं एकही अ‍ॅप उघडत नाही, असं झालं तर सिम पुसू नका, अ‍ॅप काढू नका. सेटिंगमध्ये वरच्या शोधाच्या चौकटीत Private DNS टाइप करा, तिथे कुणाचं नाव लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचा, आणि ते तिथे कशाला आहे हे सांगता येत नसेल तर Automatic करून बाहेर पडा. पैसे पडत नाहीत.